‘तोशीस लागू देणार नाही’: कृषी केंद्राच्या मागच्या शेडची आग आणि भाडेकरूची पॉलिसी

हे प्रकरण भाडेकराराचे कलम आणि विमा एकमेकांत कसे अडकतात हे दाखवण्यासाठी रचले आहे. आकडे गोल ठेवले आहेत. मात्र करारनाम्यातली भाषा, पॉलिसीचे नियम आणि दोन्हींमध्ये राहणारी फट यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोणत्याही बाजारगावात सापडेल अशीच आहे.

जागा आणि करार

तालुक्यापासून 20 किलोमीटरवरच्या गावात, डांबरी रस्त्याला लागून दोन शटरचा गाळा. समोरचा भाग स्लॅबचा, मागे टिनाचे शेड. मालक निवृत्त शिक्षक, गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. भाडेकरूचे कृषी सेवा केंद्र. समोर बियाणे आणि काउंटर, मागे खते, कीटकनाशके, पीव्हीसी पाईप आणि शेतकऱ्यांनी दुरुस्तीला टाकलेले फवारणी पंप. भाडे महिना 9,000 रुपये. करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, 11 महिन्यांचा, दर वर्षी तोच मजकूर नव्या तारखेने.

त्या करारातले कलम असे होते: “सदर जागेस, इमारतीस अथवा त्रयस्थास कोणत्याही कारणाने होणाऱ्या सर्व नुकसानीस भाडेकरू पूर्णपणे जबाबदार राहील व त्याची कोणतीही तोशीस मालकास लागू देणार नाही.”

‘तोशीस लागू देणार नाही’ हे शब्द मुळात खरेदीखतातले. जमीन विकणारा घेणाऱ्याला सांगतो की मालकीवर कुणी हक्क सांगितला तर मी निस्तरीन. तिथे ते शोभतात. दस्तलेखक तेच वाक्य उचलून भाडेकरारात टाकतात आणि भाडेकरू न वाचता सही करतो. मग ‘कोणत्याही कारणाने’ या दोन शब्दांमुळे वीज पडली, वादळात टिने उडाली, शेजारच्या गंजीला आग लागून ती इकडे आली, तरी करारावर बोट ठेवून भरपाई भाडेकरूकडेच मागता येते.

कायदा मुळात इतका कडक नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 नुसार भाडेपट्ट्यावर जागा घेणाऱ्याने ती घेतली तशा स्थितीत परत द्यायची असते, पण वापराने होणारी साधारण झीज आणि न आवरणारी नैसर्गिक शक्ती यांना तिथे सूट आहे. आगीने किंवा पुराने जागेचा मोठा भाग निकामी झाला, तर पट्टा सोडण्याची मुभाही त्यात आहे. नुकसान भाडेकरूच्याच चुकीने झाले असेल तर ती मिळत नाही. पण हे कलम लागू होते ते ‘करारात वेगळे काही ठरले नसेल तर’, आणि ते आहे भाडेपट्ट्यासाठी. ‘लीव्ह अँड लायसन्स’ हा फक्त वापराचा परवाना असतो, जागेवरचा हक्क नव्हे. त्यामुळे या भाडेकरूला कलम 108 चा आधार धड मिळत नव्हता. त्याच्यापाशी होते ते करारातले एक वाक्य, आणि तेही मालकाच्या बाजूचे.

आग

जूनचा पहिला आठवडा. पेरणीआधी दुकान वर्षातले सर्वांत भरलेले असते, तसे ते होते. मागच्या शेडमध्ये उकाडा असह्य, म्हणून भाडेकरूने समोरच्या बोर्डावरून एक बारीक फ्लेक्सिबल वायर टाकून दोन कूलर चालवले होते. त्याच वायरवर पुढे पंपांच्या बॅटऱ्यांचे चार्जर लावले. मधे वायर कमी पडली तेव्हा पीळ देऊन, वरून टेप गुंडाळून सांधा मारला होता. रात्री चार्जर सुरू राहिले. सैल सांधा तापला, वरचे आवरण वितळले, दोन्ही तारा भिडल्या. वायर खताच्या रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर टेकलेली होती.

इथे एक बारीक गोष्ट पाहण्याजोगी आहे. सांधा भाडेकरूचा. पण तारा भिडल्याबरोबर मीटरजवळचा फ्यूज उडायला हवा होता, तो उडाला नाही. मालकाच्या जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूजवायरच्या जागी जाड तांब्याची तार बसवलेली होती. ती भाडेकरू येण्याच्या आधीपासूनची. म्हणजे आग सुरू केली भाडेकरूच्या सांध्याने आणि तिला वीज पुरवत राहिला मालकाचा फ्यूज. पंचनाम्याच्या वेळी फ्यूजचा फोटो कुणी काढला नसता, तर ही अर्धी बाजू राखेत गेली असती.

तालुक्याहून अग्निशामक गाडी येईपर्यंत शेड गेले. समोरचा भाग वाचला, पण धूर आणि उष्णता आत शिरली होती.

भाडेकरूकडे कोणता विमा होता

होता. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर बँकेनेच हप्ता कापून काढलेली पॉलिसी, फक्त ‘साठा’ या सदराखाली, 15 लाख रुपयांची. तिचा प्रकार ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. एका ठिकाणची एकूण मालमत्ता 5 कोटींपर्यंत असलेल्या धंद्यांसाठी 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांनी द्यायची ही प्रमाण पॉलिसी आहे. पॉलिसी चांगली आहे. घोळ तिच्यात काय लिहून घेतले यात होता.

15 लाख हा आकडा आला मार्चच्या साठ्यावरून. बँकेने कर्जमर्यादा ठरवताना तो घेतला, भाडेकरूने पुढे कधी बदलला नाही. आगीच्या दिवशी खरेदी किमतीने साठा 24 लाखांचा होता. कृषी केंद्राचा साठा वर्षभर एकसारखा कधीच नसतो. मे-जूनमध्ये तो मार्चच्या दीडपट-दुप्पट होतो आणि सोयाबीनची पेरणी आटोपली की निम्म्यावर येतो.

नुकसान ठरले 16 लाख. त्यातले 13.5 लाख मागच्या शेडमधले: जळालेली औषधे, वितळलेले पाईप आणि विझवण्याच्या पाण्याने ढेकूळ झालेली खते. आग विझवताना भिजलेला माल हा आगीचाच परिणाम धरला जातो, त्याबद्दल वाद नव्हता. उरलेले 2.5 लाख समोरच्या बियाण्याचे, आणि ते आधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरने धरलेच नव्हते. पाकिटे शाबूत, छपाई स्वच्छ, वरून काहीच दिसत नाही. पण बियाणे तापले की त्याची उगवणशक्ती जाते. संकरित कपाशीला किमान उगवण 75 टक्के लागते. प्रत्येक लॉटचा नमुना नागपूरच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत पाठवला, निकाल 58 च्या आसपास आले, तेव्हा ते नुकसानीत आले. असे बियाणे विकले असते तर पुढच्या महिन्यात दुबार पेरणीच्या तक्रारी त्याच्याच दारात आल्या असत्या. सर्व्हेअरने ‘माल सुस्थितीत’ असे लिहून सही मागितली तर बियाण्यापुरती ती तपासणी होईपर्यंत थांबवायची, एवढे भाडेकरूला कुणीतरी वेळेत सांगितले हे बरे झाले.

आता हिशेब. विमा रक्कम 15 लाख, प्रत्यक्ष साठा 24 लाख. म्हणजे साठ्याचा 62.5 टक्केच भाग विम्यात. कमी विमा काढला असेल तर कंपनी नुकसानही त्याच प्रमाणात देते. 16 लाखांचे 62.5 टक्के म्हणजे 10 लाख, आणि त्यातून पॉलिसीनुसार भाडेकरूने स्वतः सोसायचा सुरुवातीचा हिस्सा वजा. नुकसान विमा रकमेच्या फारसे बाहेर नसूनही 6 लाख खिशातून गेले. लोकांचा समज असतो की 15 लाखांचा विमा आहे म्हणजे 15 लाखांपर्यंतचे नुकसान मिळेल. ते तसे नाही.

या प्रमाण पॉलिसीत एक सवलत आहे: कमतरता 15 टक्क्यांपर्यंत असेल तर कंपनी कपात करत नाही. 24 लाखांच्या साठ्याला 20.4 लाखांचा विमा असता तरी पूर्ण 16 लाख हिशेबात आले असते. कमतरता त्यापलीकडे गेली की सवलत उडते आणि कपात पूर्ण प्रमाणात लागते.

साठा सिद्ध करण्याचे काम तुलनेने सोपे गेले. खताची विक्री पॉस मशीनवरून होत असल्याने त्याची शिल्लक यंत्रणेत होती, औषधे-बियाण्यांची जीएसटी बिले लेखापालाकडे होती. अडचण आली बँकेला दर महिन्याला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटची. मे महिन्याच्या कागदावर मागच्याच महिन्याचा आकडा पुन्हा लिहिला होता. सर्व्हेअर हे तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहतो. फरकाचा खुलासा लेखी द्यावा लागला आणि दावा काही आठवडे लांबला.

साठ्याबाहेर काय राहिले

‘साठा’ म्हणजे विकायचा माल. शेडमधले लोखंडी रॅक, भाडेकरूने स्वखर्चाने केलेली सिमेंटची फरशी, वजनकाटा, कूलर, सीसीटीव्ही यांचे सुमारे 2 लाख रुपये कोणत्याच पॉलिसीत नव्हते. मालकाच्या विम्यात नव्हते कारण ते त्यांनी बसवलेले नव्हते, भाडेकरूच्या विम्यात नव्हते कारण ‘फर्निचर, फिक्स्चर व फिटिंग’ हे वेगळे सदर आहे आणि त्यापुढे शून्य लिहिले होते. एका सदरातली उरलेली रक्कम दुसऱ्या सदरात वापरता येत नाही.

शेतकऱ्यांचे 11 बॅटरी पंप जळाले. ते भाडेकरूचे नव्हते, त्याच्या ताब्यात होते. दुसऱ्याचा ताब्यातला माल विम्यात यायचा तर पॉलिसीत ‘स्वतःचा तसेच विश्वासाने वा दुरुस्तीसाठी ठेवलेला माल’ असे शब्द हवेत. नव्हते. पंप त्याने स्वतःच्या पैशाने भरून दिले, गावात दुकान चालवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. उधारीची वही मात्र समोरच्या टेबलात होती म्हणून वाचली. ती जळाली असती तर विम्यातून फार तर कागदपत्रे नव्याने तयार करण्याचा खर्च मिळतो, बुडालेली उधारी नाही.

गुरुजींचा विमा आणि भाडेकरूला आलेली नोटीस

गुरुजींनी इमारतीवर कर्ज काढले होते, म्हणून इमारतीचा आगीचा विमा होता. शेडचे नुकसान 6 लाख ठरले, त्यांच्या कंपनीने घसारा वगैरे जाऊन 5.40 लाख दिले. भाडेकरूला वाटले, विषय मिटला. तीन महिन्यांनी त्याच्या नावे रजिस्टर पोस्टाने नोटीस आली: 5.40 लाख भरा.

“गुरुजी, विमा त तुमचा व्हता न, मंग नोटीस मले कायले?”

गुरुजींनाही ठाऊक नव्हते. दावा घेताना त्यांनी ज्या कागदांवर सह्या केल्या त्यात एक सब्रोगेशनचे पत्र होते. त्याचा अर्थ असा: कंपनीने मालकाला पैसे दिले की, ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याच्याकडून वसूल करण्याचा मालकाचा हक्क दिलेल्या रकमेपुरता कंपनीकडे जातो. इथे कंपनीला फार शोधावे लागले नाही. विद्युत तपासणीत सांधा भाडेकरूचा निघाला, आणि करारात ‘सर्व नुकसानीस भाडेकरू जबाबदार’ हे सहीनिशी होते. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 124 अशा भरपाईच्या वचनाला मान्यता देते आणि कलम 125 नुसार ज्याला वचन दिले त्याला दाव्याचा वाजवी खर्चही मागता येतो.

पण सब्रोगेशनला एक मर्यादा आहे, आणि तिथेच भाडेकरूला पाय टेकायला जागा मिळाली. कंपनी मालकाच्या जागी उभी राहते, त्याच्याहून वरचढ नाही. मालकाविरुद्ध भाडेकरू जे म्हणू शकला असता ते सारे कंपनीविरुद्धही म्हणता येते. वकिलाने उत्तरात दोन गोष्टी मांडल्या: फ्यूजमधली जाड तार मालकाची होती, तेव्हा नुकसान वाढण्यात त्यांचा वाटा आहे, आणि शेड जुने असल्याने नवीन बांधकामाचा खर्च हे नुकसान नव्हे. फ्यूजचा फोटो आणि पंचनाम्यातली त्याबद्दलची ओळ जोडली. तडजोड 2.60 लाखांवर झाली. ही रक्कमही भाडेकरूच्या खिशातूनच गेली, कारण इमारतीबद्दलच्या त्याच्या जबाबदारीचा विमा नव्हताच.

मग काढायला हवा होता कोणता

इथे बहुतेक विमा एजंट ‘पब्लिक लायबिलिटी’, म्हणजे त्रयस्थाच्या नुकसानीची जबाबदारी उचलणारी पॉलिसी, सुचवतात. भाडेकरूने ती घेतली असती तरी या नोटिशीत उपयोग झाला नसता, आणि त्याची कारणे नीट समजून घेण्यासारखी आहेत. अशा पॉलिसींत सहसा दोन वगळणुका असतात. एक, विमेदाराच्या ताब्यातली किंवा देखरेखीखालची मालमत्ता. भाड्याची जागा ताब्यातलीच असते. दोन, केवळ कराराने अंगावर घेतलेली, कायद्याने एरवी न येणारी जबाबदारी. ‘कोणत्याही कारणाने’ म्हणून सही केली तर वादळाने उडालेल्या टिनांची जबाबदारी कराराने येते, कायद्याने नव्हे. म्हणून तिला कोणताच जबाबदारीचा विमा उभा राहत नाही. कलम जितके सैल लिहाल तितका विम्याबाहेरचा भाग वाढतो. ग्राहकाच्या अंगावर रॅक पडला, शेजाऱ्याचे दुकान जळाले, यासाठी पब्लिक लायबिलिटी जरूर घ्यावी. मालकाच्या इमारतीसाठी ती नाही.

इमारतीचा प्रश्न सुटतो मालकाच्याच पॉलिसीतून. मालकाच्या आगीच्या विम्यात भाडेकरूचे नाव सहविमेदार म्हणून घालायचे, किंवा कंपनीकडून ‘भाडेकरूविरुद्ध सब्रोगेशनचा हक्क वापरणार नाही’ अशी नोंद पॉलिसीवर करून घ्यायची. बदल्यात भाडेकरू हप्त्याचा काही हिस्सा देतो. ही नोंद आगीच्या आधी आणि कंपनीच्या संमतीने व्हायला हवी. करारात लिहिले पण कंपनीला कळवले नाही, तर ‘आमचा वसुलीचा हक्क न विचारता सोडला’ म्हणून ती मालकाच्याच दाव्यावर बोट ठेवू शकते. मालकाचा विमाच नसेल, जे खेड्यात नेहमीचे आहे, तर भाडेकरूने आपल्या पॉलिसीत इमारत हे सदर घेऊन ‘भाडेकरू म्हणून असलेल्या हितसंबंधापुरते, मालक व भाडेकरू यांच्या संयुक्त नावे’ असे लिहून घ्यावे.

पुढच्या वर्षी याच जागेच्या करारात कलम असे बदलले: “भाडेकरू, त्याचे नोकर किंवा त्याने केलेले वायरिंग वा बदल यांतील निष्काळजीपणामुळे इमारतीस झालेल्या नुकसानीपुरता भाडेकरू जबाबदार राहील. वीज पडणे, वादळ, पूर, इमारतीतील मूळ दोष किंवा मालकाच्या वीजजोडणीमुळे झालेल्या नुकसानीस तो जबाबदार नाही. मालकास इमारतीच्या विम्यातून मिळालेली रक्कम भाडेकरूकडून वसूल केली जाणार नाही. मालक तशी नोंद आपल्या पॉलिसीवर करून तिची प्रत भाडेकरूस देईल.” गुरुजींनी त्याआधी किटकॅट काढून एमसीबी बसवले आणि ताबा देताना बोर्डाचे फोटो दोघांच्या सहीने कराराला जोडले.

भाडेकरूची पॉलिसीही नव्याने लिहिली. साठा 26 लाख, म्हणजे जूनच्या कमाल साठ्यावरून, खरेदी किमतीने. वर्णनात नुसते ‘दुकान’ न लिहिता ‘खते, कीटकनाशके, बियाणे, पाईप’ असे स्पष्ट. कारण औषधे-खतांची जोखीम किराणा दुकानापेक्षा वेगळी धरली जाते आणि ती लपली तर दावा अडतो. पत्त्यात शेड वेगळे नमूद केले, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधल्या मालमत्ता क्रमांकासह. फर्निचर आणि फिटिंग 3 लाख, त्यात ‘भाडेकरूने स्वखर्चाने केलेल्या सुधारणा’ हे शब्द. विश्वासाने ठेवलेल्या मालाचा उल्लेख. चोरीचा विमा स्वतंत्र घेतला. प्रमाण पॉलिसीत चोरी धरली जाते ती आगीसारख्या विमित घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेलीच, कुलूप तोडून झालेली एरवीची घरफोडी त्यात नाही. कूलर, चार्जरसकट सगळे विजेचे सामान फिटिंगमध्ये आले, पण शॉर्टसर्किट ज्या यंत्रात झाले ते यंत्र स्वतः भरपाईतून वगळलेले असते. त्याने लावलेल्या आगीत जळालेले बाकीचे मिळते.

एक गोष्ट मात्र राहिली आणि ती जाणूनबुजून. हंगामात दोन महिने दुकान बंद राहिले तर बुडणाऱ्या नफ्याचा विमा वेगळा असतो आणि त्यासाठी लेखापरीक्षित ताळेबंद लागतो. या दुकानाचे पुस्तक तितके नीट नव्हते. त्याऐवजी करारात एक ओळ घातली की जागा आगीने वापरण्याजोगी राहिली नाही तर दुरुस्ती होईपर्यंत भाडे बंद राहील. जुन्या करारात तसे काही नव्हते, त्यामुळे जळक्या शेडचे चार महिन्यांचे 36,000 रुपये भाडे त्याने गुरुजींना भरले होते.

पॉलिसी एप्रिलमध्ये संपते. नूतनीकरणाचा कागद बँकेकडून आपोआप जुन्याच आकड्याने येतो, म्हणून दर वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बियाण्याची पहिली गाडी उतरायच्या आत, साठ्याचा आकडा तपासून वाढीव रकमेची नोंद मागायची हे त्याने काउंटरमागच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवले आहे.